‘व्हेन’च्या मागे परत परत येणारा ‘विल’: गाळलेल्या जागांमधली एक हट्टी चूक

इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या घरी संध्याकाळी इंग्रजीला मुलं येतात. बरीचशी दहावी-बारावीची, आणि दोघं-तिघं भंवरकुव्याचा बँकेच्या परीक्षेचा क्लास आटोपून येणारी. वयं वेगळी, पुस्तकं वेगळी, पण गाळलेल्या जागा भरताना एक चूक सगळ्यांची सारखीच होते. ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘अंटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांच्यानंतर ते ‘विल’ घालतात. समजावलं की मान डोलावतात, नियम घडाघडा म्हणून दाखवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘विल’ घालतात.

इंग्रजी वाक्यं इथे मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. ही चूक डोळ्यांपेक्षा कानाने लवकर पकडता येते, म्हणून वाक्यं मोठ्याने वाचा.

बारावीच्या एका मुलीच्या वहीत हा प्रश्न होता:

आय विल कॉल यू व्हेन द ट्रेन ____ उज्जैन.

कंसात क्रियापद दिलं होतं ‘रीच’. तिने लिहिलं होतं ‘विल रीच’. पण वही उजेडात धरली तेव्हा त्याच्याखाली खोडलेलं ‘रीचेस’ दिसत होतं. म्हणजे बरोबर उत्तर आधी लिहून झालं होतं, मग रबर फिरवून चुकीचं लिहिलं गेलं होतं. खालच्या चारपैकी तीन प्रश्नांत खोडाखोड नव्हती, तिथे थेट ‘विल’च होतं.

मी विचारलं, “अगं, खोडलंस का?”

“काकू, गाडी अजून पोचलीच नाहीये ना. मग ‘रीचेस’ कसं चालेल? पोचेल म्हणजे ‘विल रीच’.”

तिला नियम ठाऊक होता, पण पटला नव्हता. न पटलेला नियम परीक्षेत टिकत नाही, कारण शेवटच्या क्षणी अर्थ डोक्यात येतो आणि हात रबराकडे जातो. म्हणून आधी चूक कुठून येते ते बघू, उपाय त्यातूनच निघतो.

चूक कुठून येते

ती मुलगी मनात वाक्य असं बांधत होती: “जेव्हा गाडी उज्जैनला पोचेल, तेव्हा मी तुला फोन करीन.” पोचेल आणि करीन, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंदूरच्या मुलांना शाळेत, रिक्षात, मित्रांत दिवसभर हिंदी असते आणि तिथेही तेच: “जब गाड़ी पहुँचेगी, तब फ़ोन करूँगी.” दोन्ही भाषा एकाच बाजूने ढकलत असल्या तर मूल इंग्रजीतही दोन ‘विल’ घालणारच. हा निष्काळजीपणा नाही, मुलं प्रामाणिकपणे भाषांतर करत असतात.

पण मी तिला विचारलं, “तू पुण्याहून येताना आईला फोनवर काय सांगतेस? जेव्हा गाडी पोचेल तेव्हा, असं म्हणतेस?”

ती थोडी थांबली. “नाही. उज्जैन आलं की फोन करीन, असं म्हणते.”

“आलं? उज्जैन तर अजून आलेलं नाही.”

आपल्या मराठीत ही गोष्ट आधीपासून आहे, फक्त तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. “पाऊस थांबला की निघू.” पाऊस अजून पडतोय, तरी आपण ‘थांबला’ म्हणतो, रूप सरळ भूतकाळाचं. “बाबा आले की जेवू.” बाबा अजून ऑफिसात आहेत. कुणाचाही गैरसमज होत नाही, कारण पुढची गोष्ट सांगण्याचं काम ‘निघू’ आणि ‘जेवू’ करतात. भविष्य एकदा सांगून झालं. ‘की’च्या आधीचा भाग फक्त खूण दाखवतो, अमुक झालं म्हणजे.

बाकीचे तीन शब्द मराठीत आणून बघा. ‘अंटिल’ म्हणजे “तो येईपर्यंत”. ‘बिफोर’ म्हणजे “तो यायच्या आधी”. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ म्हणजे “तो आल्याबरोबर” किंवा “येताच”. यातल्या कुठल्याही रूपात भविष्यकाळ नाही. खरं तर त्यांत काळच नाही, तो मुख्य वाक्यातल्या क्रियापदावर सोडलेला आहे. ‘येईपर्यंत’मधल्या ‘येई’ने फसू नका. “काल तो येईपर्यंत मी जागी होते” असंही आपण म्हणतोच.

इंग्रजीही हेच करते. ‘विल’ वापरून बोलणारा पुढच्या गोष्टीबद्दल काहीतरी सांगत असतो: मी फोन करीन, आम्ही थांबू, ती रागावेल. गाडी उज्जैनला पोचेल की नाही हे या वाक्यात कुणी सांगत नाही. गाडी पोचणं गृहीत धरलेलं आहे, ते फक्त फोनची वेळ ठरवतं. म्हणून ‘विल’ मुख्य वाक्यात एकदाच येतो. फरक एवढाच, की मराठी तिथे ‘आला की’, ‘येईपर्यंत’ अशी वेगळी रूपं वापरते. इंग्रजीत ‘व्हेन’ किंवा ‘अंटिल’नंतर कर्ता घेतला की काळ असलेलं क्रियापद ठेवावंच लागतं, आणि ती साधा वर्तमानकाळ ठेवते.

मग मुलीला एवढंच सांगितलं, की ‘जेव्हा’ने भाषांतर करणं सोड आणि ‘की’ने कर. “गाडी पोचली की” असं मनात आलं तर ‘विल’ सुचणारच नाही. ‘विल’ सुचतो तो ‘पोचेल’मुळे.

प्रश्न सोडवताना हात कसा चालवायचा

आधी पेन्सिलने वाक्याचे दोन तुकडे करायचे. ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘अंटिल’ किंवा ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ जिथे असेल तिथून त्याच्या क्रियापदाचा भाग संपेपर्यंत एक चौकट काढा. चौकटीबाहेर उरलं ते मुख्य वाक्य. आता रिकामी जागा चौकटीत आहे की बाहेर, हे बघा. बरीचशी मुलं हे न बघता उत्तर लिहितात, आणि नियम पाठ करून चुकतात ती बहुधा इथेच.

अ‍ॅज सून अ‍ॅज द रेन स्टॉप्स, वी ____ फॉर राजवाडा.

क्रियापद ‘लीव्ह’. चौकट ‘स्टॉप्स’ला संपली, स्वल्पविराम आला, जागा बाहेर आहे. उत्तर ‘विल लीव्ह’. पण ‘विल’ येत नाही एवढंच डोक्यात घेऊन बसलेलं मूल इथे नुसतं ‘लीव्ह’ लिहितं. औषध दिल्यावर होणारा हा दुसरा आजार आहे, आणि तो पहिल्याइतकाच मार्क खातो. म्हणून “व्हेन असलेल्या वाक्यात विल नाही” असं मी कधीच शिकवत नाही. ‘विल’ वाक्यात आहेच, तो फक्त चौकटीबाहेर आहे. चौकट वाक्याच्या सुरुवातीला असो वा शेवटी, यात बदल होत नाही.

चौकटीबाहेर ‘विल’ दिसलाच नाही तरी घाबरू नका. “वेट हिअर अंटिल आय ____ बॅक” यात मुख्य भाग ही आज्ञा आहे, थांब इथे. आज्ञा पुढच्या क्षणासाठीच असते, तेव्हा भविष्य तिच्यातच आलं. जागेत ‘कम’. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ आले तरी चौकटीच्या आत वर्तमानकाळच.

जागा चौकटीत आहे असं ठरलं की कर्ता बघायचा. ‘विल’ होता तोवर क्रियापद सगळ्यांसाठी सारखं होतं: आय विल कम, ही विल कम. ‘विल’ गेला की ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नामासाठी शेवटी ‘स’ लागतो. “आय विल वेट अंटिल ही कम” असं लिहिणारी मुलं काळ बरोबर ओळखून मार्क घालवतात. मोठ्याने वाचायचा फायदा इथेच होतो, ‘ही कम’ कानाला अडखळतं. आणि ‘विल बी’ काढला तर उरलेला ‘बी’ तसाच ठेवायचा नाही. “व्हेन यू विल बी फ्री”चं “व्हेन यू आर फ्री” होतं, “व्हेन यू बी फ्री” नाही.

‘अंटिल’चं दुखणं वेगळं आहे

चारही शब्दांमध्ये ‘अंटिल’वर जास्त वेळ घालवावा लागतो, कारण तिथे ‘विल’ गेला तरी दुसरी चूक उरते. मराठीत आपण दोन तऱ्हांनी बोलतो. एक, “तो येईपर्यंत मी थांबीन.” दुसरी, “तो येत नाही तोपर्यंत मी थांबीन.” दोन्हींचा अर्थ एकच. हिंदीतही “जब तक वो नहीं आता” असतंच. त्यामुळे मूल लिहितं, “आय विल वेट अंटिल ही डज नॉट कम.” काळाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे, वर्तमानकाळ आहे, ‘स’ही आपल्या जागी आहे. तरी वाक्य चूक आहे, कारण ‘अंटिल’ या शब्दातच तो ‘नाही’ सामावलेला आहे. इंग्रजीत फक्त ‘अंटिल ही कम्स’.

बँकेच्या परीक्षेत पर्याय बहुतेक असेच लावलेले असतात: विल कम, कम्स, डज नॉट कम, विल नॉट कम. पहिला आणि चौथा ‘विल’मुळे गेले. मग दुसरा आणि तिसरा यांच्यात मूल अडतं आणि मराठीच्या सवयीने तिसरा निवडतं. उपाय सोपा आहे. ‘अंटिल’ आणि ‘टिल’ दिसले की मनात ‘-पर्यंत’च म्हणायचं, ‘तोपर्यंत’ नाही. ‘येईपर्यंत’मध्ये ‘नाही’ला जागाच नसते.

मुख्य वाक्यातला नकार मात्र राहतो. “शी विल नॉट ईट अंटिल हर मदर कम्स”, आई येईपर्यंत ती जेवणार नाही. तो नकार जेवणाचा आहे, येण्याचा नाही.

‘बिफोर’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. “अंधार पडायच्या आधी घरी ये”, “कम होम बिफोर इट गेट्स डार्क”. ‘यायच्या आधी’ मनात आलं की ‘विल’ सुचत नाही.

‘व्हेन’नंतर ‘विल’ बरोबर असतो तेव्हा

आता खरी अडचण. काही प्रश्नांत ‘व्हेन’नंतर ‘विल’ हेच उत्तर असतं, आणि नियम घट्ट धरणारी हुशार मुलं तिथे पडतात.

आय डोंट नो व्हेन द रिझल्ट ____ आउट.

क्रियापद ‘कम’. इथे उत्तर ‘विल कम’. मराठीत आणा: “निकाल कधी लागेल ते मला माहीत नाही.” इथे ‘की’ बसवून बघा: “निकाल लागला की मला माहीत नाही.” काही अर्थच लागत नाही. म्हणजे हा ‘व्हेन’ ‘तेव्हा’चा नाही, ‘कधी’चा आहे. तो वेळेची खूण दाखवत नाही, वेळ विचारतो. आणि निकाल कधी लागेल हीच इथे न कळलेली पुढची गोष्ट आहे, म्हणून ‘विल’ लागतो.

तेव्हा ‘व्हेन’ला एकच कसोटी लावा: “कधी” बसतं की “की” बसतं? “कधी” बसलं तर पुढच्या गोष्टीसाठी ‘विल’ घ्या. “की” बसलं तर वर्तमानकाळ. ‘डोंट नो’, ‘नॉट शुअर’, ‘आस्क’, ‘वंडर’ असे शब्द आधी आले तर बहुधा ‘कधी’ असतं. दुसरीकडे ‘बिफोर’, ‘अंटिल’ आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांना ही कसोटी लावायची गरजच नाही, कारण त्या शब्दांनी वेळ विचारता येत नाही.

एक वाक्य दोन्हीकडे जातं: “टेल मी व्हेन ही ____.” “तो आला की मला सांग” असं म्हणायचं असेल तर ‘कम्स’. “तो कधी येणार ते सांग” असं म्हणायचं असेल तर ‘विल कम’. दोन्ही इंग्रजी बरोबर आहेत. असा प्रश्न आला तर आजूबाजूचं वाक्य बघायचं, आणि संदर्भ दिलाच नसेल तर प्रश्न काढणाऱ्याची चूक समजायची, मुलाची नाही. वेळापत्रकाच्या गोष्टींत तर ‘कधी’ असूनही वर्तमानकाळ चालतो. “आय डोंट नो व्हेन द ट्रेन लीव्ह्ज” हेही बरोबर आहे, कारण गाडीची वेळ आधीच ठरलेली असते.

दोन गोष्टी आणखी, कारण पर्यायांत त्या येतात. ‘रीचेस’च्या जागी ‘हॅज रीच्ड’ दिलं असेल आणि ‘रीचेस’ पर्यायांत नसेल, तर ‘हॅज रीच्ड’ बेलाशक घ्या. “व्हेन यू हॅव फिनिश्ड युवर होमवर्क, यू कॅन गो आउट” यात गृहपाठ पुरा झाला पाहिजे यावर जोर आहे, ‘विल’ तिथेही नाही. आणि मुख्य वाक्य भूतकाळात गेलं असेल तर चौकटीतलं क्रियापदही भूतकाळात जातं: “शी सेड शी वुड कॉल व्हेन द ट्रेन रीच्ड उज्जैन.” ‘विल’चा ‘वुड’ झाला तरी तो बाहेरच राहिला, आत आला नाही.

एक उतारा शेवटपर्यंत

गेल्या आठवड्यात मी त्याच मुलीला हा तुकडा दिला. पाच जागा आणि क्रियापदं क्रमाने ‘अराइव्ह’, ‘अराइव्ह’, ‘गो’, ‘स्टे’, ‘क्लोज’.

माय अंकल इज कमिंग टु इंदोर नेक्स्ट वीक. आय डोंट नो व्हेन ही ____, बट अ‍ॅज सून अ‍ॅज ही ____, वी ____ टु सराफा. वी ____ देअर अंटिल द शॉप्स ____.

पहिल्या जागेवर तिची पेन्सिल बराच वेळ थांबली. मग पुटपुटली, “मामा आले की मला माहीत नाही... नाही, मामा कधी येतील ते माहीत नाही. ‘विल अराइव्ह’.” दुसरी जागा ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’च्या चौकटीत, ‘आल्याबरोबर’, कर्ता ‘ही’: ‘अराइव्ह्ज’. एकाच कर्त्याचं तेच क्रियापद, एकाच वाक्यात, आणि दोन रूपं. हा तुकडा मी त्यासाठीच बनवला होता. तिसरी जागा स्वल्पविरामानंतर, चौकटीबाहेर: ‘विल गो’. चौथी मुख्य वाक्यात: ‘विल स्टे’.

पाचवीला तिने लिहिलं ‘क्लोजेस’. काळ बरोबर, ‘नाही’ही घातला नव्हता. मी काहीच बोलले नाही, फक्त वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. “अंटिल द शॉप्स क्लोजेस...” वाचता वाचता तीच थांबली. “काकू, दुकानं खूप आहेत.” रबर घेतलं आणि शेवटचा ‘स’ खोडला. या वेळी खोडलं ते बरोबर खोडलं होतं.